मोरीवाल्याचं खरं नाव

मनतशानं भिंतीवर पांढऱ्या डिस्टेंपरचा हात मारला तेव्हा ते चित्र पुरतं झाकलं गेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं अंगणवाडीचं कुलूप उघडलं, तर तो पुन्हा उभा. आधीपेक्षा फिका, दुधात बुडवून काढल्यासारखा, पण उभा. मडक्यासारखं डोकं, गळ्यापासून जमिनीपर्यंत गवताचं इरलं, पोटाजवळ लोंबकळणारा कंदील, एका हातात लाकडी मोगरी. डावा डोळा मिटलेला, उजवा उघडा.

मनतशा घाबरणाऱ्यातली नव्हती. नांदेडला तिचे अब्बा दुकानांच्या पाट्या रंगवायचे आणि तिचा हात त्यांच्यासोबतच बसला होता. आता ती शाळांच्या, अंगणवाड्यांच्या भिंती बोलक्या करायची कामं घेत होती. जुना ऑईलपेंट खाली असला की वरचं डिस्टेंपर तो ओढून घेतं, डाग वर येतो, हे तिला ठाऊक होतं. त्याला आधी डाग दाबणारा प्रायमर लागतो, आणि तो आणायला लातूरला जावं लागणार होतं. इतकी साधी बाब. तरी ती दारातच थांबली आणि चप्पल काढायला तिला जरा वेळ लागला.

गाव किल्लारीच्या अलीकडचं. भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं, सरळ रस्त्यांचं, एकसारख्या घरांचं. अंगणवाडीची सेविका केवळाबाई, चाळिशी ओलांडलेली, अंगानं काटक बाई. मनतशाची राहायची सोयही तिच्याकडंच होती. पहिल्या दिवशी भिंती दाखवतानाच ती म्हणाली होती, "फुलं काढा, ससे काढा, काय बी काढा ताई. पर आधी ह्यो मोरीवाला पुसा."

"मोरीवाला?"

"पोरं म्हणून राहिलेत तसं. दुपारी निजवलं की एखादं उठतंय आन् 'मोरी, मोरी' करतंय. मला वाटायचं मोरीवर जायचं आसंल. म्हणून मागं न्यावं, तर तिथं करत न्हाईत काही. नुसती भायेर उघड्यावर जाऊन बसत्यात, एकमेकांचे हात धरून. आता गावात झालंय की अंगणवाडीच्या मोरीत भूत हाय. निम्म्या बायांनी पोरं धाडायची बंद केली."

"आणि निजतात कधी?"

केवळाबाईनं मान हलवली. "निजतच न्हाईत. तुमीच बघा."

मनतशानं त्या दुपारी पाहिलं. खिचडी झाल्यावर सतरंजीवर पोरं ओळीनं आडवी झाली. कुणी रडलं नाही, कुणी खोडी काढली नाही. सगळ्यांचे पाय दाराकडं आणि डोळे टक्क उघडे. लहान पोरं इतकी गप्प तिनं कुठल्याच गावात पाहिली नव्हती. मग कडेला झोपलेली पुनम नावाची चार वर्षांची पोरगी उठली, भिंतीपाशी गेली आणि मोगरीच्या चित्राखाली बोटाच्या पेरानं ठोकलं. ठक ठक. थांबून, ठक. सगळी पोरं उठली, ओळीनं बाहेर गेली आणि मैदानाच्या मधोमध, उन्हात, हात धरून बसली.

"का गं पुनम?" मनतशानं जवळ जाऊन विचारलं.

"त्यो म्हन्ला."

"कोण?"

पुनमनं दाराकडं न पाहताच सांगितलं, "युलीमोली." पुढचे दोन दात किडून पडलेले, त्यामुळं अक्षरं घरंगळत होती. "आईकून राहिलाय त्यो."

पुनमच्या घरी टीव्ही नव्हता. आजीकडं बटणांचा फोन होता. पोरगी औशाच्या पलीकडं कधी गेली नव्हती.

चित्र पुन्हा वर आलेलं पाहिलं त्या सकाळी मनतशानं नांदेडला यासेरला फोन लावला. यासेर तिचा धाकटा भाऊ. घरी बसून परदेशी मालिकांची हिंदी सबटायटलं लिहायचं काम करायचा, दिवसभर कानाला हेडफोन. पात्राचं नाव कुठल्या भाषेत काय ठेवलं याची त्याच्याशी कुणी बात काढली की तो जेवण विसरायचा.

"आपा, कार्टूनच असेल कुठलं तरी. शोधलं का?"

"शोधलं. मोरीवाला, मोरी भूत, युलीमोली कार्टून, सगळं टाकून बघितलं. न्हाणीघरातल्या टाइल्स दाखवतंय."

यासेर हसला. "नाव सोड. नावावर भरवसा ठेवला की माणूस फसतो. एकाच पात्राला दहा मुलकांत दहा नावं असतात. कुठं मूळ नाव त्यांच्या भाषेत शिवी होते, कुठं त्या नावावर आधीच कुणाचा हक्क असतो, कुठं नावात शब्दाचा खेळ असतो आणि तो दुसऱ्या भाषेत उतरतच नाही, म्हणून नवीनच ठेवतात. त्यात आपल्याकडं हिंदी बऱ्याचदा मूळ भाषेवरून होत नाही, इंग्रजीवरून होते. म्हणजे इंग्रजीवाल्यानं जे बदललं त्याच्यावर आपण अजून बदलतो. पोरांच्या तोंडी येईपर्यंत त्या नावात मूळचं एक अक्षर राहीलच असं नाही."

"मग काय करायचं?"

"नाव बदलतं, पण अंग बदलत नाही. ज्यानं पहिल्यांदा काढलं त्याचा हात सगळीकडं तोच राहतो. फोटो पाठव."

तिनं पाठवला. थोड्या वेळानं त्याचा निरोप आला: नुसत्या बोलक्या भिंती आणि शेतातली बुजगावणी सापडतायत. खिडकी, सतरंजी, पोरांचे हात, सगळं फोटोत आलंय. शोधणारं यंत्र सगळ्या चित्राला मिळून जुळवतं. फक्त तोच काप. तिनं कापून पाठवला. पुन्हा बुजगावणी.

मग त्यानं फोनच केला. "आपा, भिंत उडालेली आहे, रंग गेलेत. तू त्याला कागदावर नव्यानं काढ. पांढरी पाठ, स्वच्छ रेघ, सपाट रंग. पण आधी ठरव, की यातलं ज्यानं पात्र बनवलं त्याचं किती आणि ज्यानं भिंतीवर उतरवलं त्याच्या हातचं किती. पेंटरला रंग कमी पडला असेल, जागा कमी पडली असेल, उलटं उतरवलं असेल. ते काढून टाकलं की खालून असली माणूस निघतो."

असली माणूस. मनतशाला तो शब्द आवडला नाही, पण काम कळलं. तिनं केवळाबाईला विचारलं, "हे काढलं कुणी?"

"निलंग्याच्या शिवप्पानं. म्हातारा हाय, पर बोलतोय चांगला."

शिवप्पाला फोन लागला तेव्हा तो खोकत होता. अंगणवाडी म्हटल्यावर त्याला लगेच आठवलं. "हुल्लज्जा! माझ्या नातीच्या दप्तरावर होता त्यो. नाव माहीत नव्हतं, म्हणून आम्हीच ठेवलं. आमच्या घरात कानडी चालतंय ना. हुल्लू म्हंजे गवत, अज्जा म्हंजे आजा. गवताचा आजा. पोरास्नी गंमत वाटंल म्हणून काढला बगा."

"त्याचं गवत हिरवं का केलंत?"

"पिवळा संपला होता. दप्तरावर वाळल्या गवतासारखं होतं. आन् मोगरी मी डाव्या हातात दिली, उजवीकडं खिडकी आली म्हणून. सगळाच उलटा घेतला मग."

मनतशा कागदावर भराभर टिपत होती. पिवळं गवत, मोगरी उजव्या हातात, चित्र उलटं. "आणि डोळे? एक मिटलेला का काढलात?"

फोनवर पुन्हा खोकल्याची उबळ ऐकू आली.

"मिटलेला? न्हाई ताई. दप्तराचं बक्कल बरोबर डोळ्यांवर होतं. डोळे दिसतच नव्हते, म्हणून मी माझ्या मनानं काढले. दोन. उघडे. टपोरे काढले होते, पोरांसाठी."

"एक मिटलेला आहे, काका."

"मी मिटवला न्हाई," शिवप्पा म्हणाला. मग हळूच विचारलं, "कंचा?"

मनतशानं फोन ठेवला आणि स्टूल घेऊन भिंतीपाशी गेली. ते डोकं तिच्याही डोक्याच्या वर होतं. लेकराचा हात पोचायचा प्रश्नच नव्हता. खरवडायच्या पत्रीनं तिनं मिटलेल्या पापणीचा कोपरा हलकेच उचलला. खाली पांढरं दिसलं, मग काळं बुबुळ. शिवप्पाचा टपोरा डोळा आत तसाच उघडा होता. त्यावर कुणीतरी बारीक ब्रशनं पापणी ओढली होती. खूप निगुतीनं, कडेला पाच बारीक सुरकुत्या देऊन. मनतशाला पेंटरचा हात ओळखता यायचा. हा शिवप्पाचा नव्हता. शिवप्पाची रेघ जाड होती, पाटीवाल्याची.

"मावशी, ह्या भिंतीला मधी कुणी हात लावला होता?"

"कोण लावतंय? चावी माझ्याकडं."

त्या दुपारी मनतशानं ओट्यावर, उजेडात बसून कागदावर नवं चित्र काढलं. पिवळं गवत, मोगरी उजव्या हातात. शिवप्पानं मिटवला नव्हता, तेव्हा तो मिटलेला डोळा मूळचा नाही असं धरून तिनं दोन्ही डोळे उघडे ठेवले. यासेरनं शोधलं. उलटं करून शोधलं, कारण चोरून टाकलेले व्हिडिओ पकडले जाऊ नयेत म्हणून लोक ते आरशासारखे फिरवून टाकतात. मग चित्र सोडून शब्दांनी शोधलं: गवताचं इरलं, मडक्याचं डोकं, पोटाला कंदील. इंग्रजीत शोधलं, काही नाही.

"हे असलं इरलं जपानमध्ये होतं जुन्या काळी," तो म्हणाला. "तिकडच्याच शब्दांत टाकतो. ज्या मुलकातलं पात्र, त्या मुलकाच्या लिपीत शोधलं तर सापडतं, एरवी नाही."

संध्याकाळपर्यंत काही आलं नाही. केवळाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती आणि खालून, जमिनीतून, लांब कुठं मळणीयंत्र चालू असावं तसा घुमल्यासारखा आवाज आला आणि थांबला. केवळाबाईचा हात परातीत थांबला. मग ती पुन्हा थापू लागली.

"हे काय होतं, मावशी?"

"येतोय कधी कधी. इकडं असंच हाय. सरकारी माणसं येऊन मशीन लावून गेली. काय न्हाई म्हणाली." भाकरी तव्यावर टाकत ती म्हणाली, "नऊ वर्षांची होते मी, ते झालं तवा. धाकटी माझ्या अंगाला अंग लावून निजली होती. मला काढलं." मग ती भाकरी उलटू लागली.

जेवताना फोन वाजला. यासेर.

"आपा, एक विचारू? भिंतीवरचा जो मिटलेला डोळा तू काढून टाकलास, तो टाकून बघायचा का?"

"तो पेंटरचा नाही. नंतर कुणीतरी काढलाय. मूळचा कसा असेल?"

"माहीत नाही. पण दोन उघड्या डोळ्यांनी काही मिळेना. भिंतीवर आहे ना? मग घेऊन बघू."

मनतशानं ताट बाजूला सारलं आणि कागद पुढं ओढला. चित्र उलटं केलं होतं, तेव्हा डावा की उजवा असा क्षणभर गोंधळ झाला; भिंतीवर डावा, म्हणजे सरळ चित्रात उजवा. तिनं कागदावरच्या उजव्या डोळ्यावर पांढरा लावून पापणी ओढली. सुरकुत्या पाचच दिल्या. फोटो पाठवला.

भात निवायच्या आत उत्तर आलं.

जपानमधल्या कुणीतरी जुनं सामान विकायला काढलेलं, रबराचं एक बोटभर खेळणं. विकणाऱ्यालाही नाव माहीत नव्हतं. त्यानं नुसतं लिहिलं होतं, गवताचं इरलं घातलेला, एक डोळा मिटलेला, मडक्याच्या डोक्याचा. पिवळं गवत. उजव्या हातात मोगरी. मिटलेल्या डोळ्याच्या कडेला पाच सुरकुत्या.

मनतशानं फोन केवळाबाईकडं दिला. केवळाबाईनं पाहिलं आणि पदर तोंडावर धरला.

सकाळी यासेरचा आवाज रात्रभर जागल्याचा होता. खेळण्याच्या तळव्यावर चार अक्षरं होती. फोनच्या कॅमेऱ्यानं ती वाचून त्यानं त्याच लिपीत शोधलं, तेव्हा दार उघडावं तसं सगळं बाहेर आलं: मालिका, तिचे भाग, आणि चाहत्यांनी जमवलेली त्याची देशोदेशीची नावं.

"त्याचं नाव युरीमोरी," तो म्हणाला.

मनतशाला पुनमचे पडलेले दात आठवले. युलीमोली.

"ऐक. मजा अशी आहे की ते नाव त्यांनी नुसत्या उच्चाराच्या अक्षरांत लिहिलंय, अर्थ दाखवणाऱ्या चिन्हांत नाही. युरी म्हणजे लिलीचं फूल होतं, आणि थरथर, हादरा असंही होतं. मोरी म्हणजे जंगल, आणि राखणदारही. इंग्रजीवाल्यांनी फूल आणि जंगल घेतलं आणि त्याला 'म्हातारा लिलीवूड' करून टाकला, झाडांचा राखणदार. इटलीत मोरी म्हटलं की 'तो मेला' असं ऐकू येतं. पोरांच्या पात्राला ते कसं चालेल? त्यांनी त्याच्या गवतावरून नाव ठेवलं, पालिएत्तो. तेलुगूतही गवतच घेतलं, गड्डी ताता. हिंदीवाल्यांकडं इंग्रजी आली. एवढ्या भारी आवाजाच्या म्हाताऱ्याला लिली कसं म्हणायचं? तो दारं ठोकतो म्हणून झाला ठकठक बाबा. आणि एकदा बाबा झाला, दारं ठोकायला लागला, की आपल्याकडं त्याचं काय होणार? भूत. हिंदीत तो न झोपणाऱ्या पोरांना न्यायला येतो. चित्रं तीच आहेत, आपा. तोच माणूस, तेच हातवारे. आवाज बदलला फक्त."

"आणि मुळात? मुळात कोण आहे तो?"

"हादऱ्याचा राखणदार. त्यांच्याकडं भूकंप फार. गोष्टीत तो रात्रभर दाराशी उभा राहतो. एक डोळा मिटून जमिनीचं ऐकतो. जमीन हलणार असं त्याला ऐकू आलं, की मोगरीनं दार ठोकतो. दोनदा, थांबून एकदा. पोरं उठतात आणि बाहेर उघड्यावर जाऊन हात धरून बसतात."

अंगणवाडीच्या ओट्यावर ऊन होतं. मनतशानं मैदानाच्या मधोमध पाहिलं, जिथं पोरं बसायची.

"यासेर, पुनमला ते नाव कसं माहीत?"

"तेच शोधतोय. हिंदीत नाव कुठंच नाही. शेवटचं गाणं जपानीतच राहिलं असतं तर त्यातून ऐकलं असतं. गाणी पुष्कळदा तशीच ठेवतात. पण हिंदी व्हिडिओत गाणंच कापलंय. तेलुगूत असेल कदाचित. ते भाग मला मिळाले नाहीत."

मनतशानं ऐकलेलं सगळं केवळाबाईला सांगितलं. केवळाबाईनं एकदाच विचारलं, "भूत न्हाई?"

"त्यांच्या गोष्टीत नाही. आपल्याकडं येता येता झालंय."

केवळाबाई आत गेली, भिंतीसमोर उभी राहिली. डिस्टेंपरमधून वर आलेल्या त्या फिक्या आकृतीकडं पाहत राहिली, घरी आलेल्या पाहुण्याला ओळखावं तशी. मग म्हणाली, "आमच्या दारावर कुणी ठोकलं न्हाई त्या रातीला."

मनतशानं ब्रश धुवायला घेतला.

प्रायमर आणायला ती लातूरला गेली आणि तिसऱ्या दिवशी दुपारी परतली. किल्लारीहून जीपनं आली तेव्हा खिचडी होऊन गेली होती. पोरं आडवी, पाय दाराकडं. त्या दिवशी कुणी 'मोरी मोरी' केलं नव्हतं, केवळाबाई सांगत होती. तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत पुनम उठली आणि तिनं भिंतीवर ठोकलं. ठक ठक. ठक.

एरवी केवळाबाई ओरडायची, पोरांना दंडाला धरून परत आडवी करायची. त्या दिवशी ती ओरडली नाही. तिनं सर्वांत लहान लेकरू कडेवर घेतलं आणि पोरांच्या मागं चालू लागली. मनतशाच्या हातात प्रायमरचा डबा होता, तो तिनं ओट्यावर ठेवला आणि तीही गेली. सगळे मैदानाच्या मधोमध बसले. ऊन कडक होतं. समोरच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन पाहायला लागला. मनतशाला आपलं हसू आलं आणि त्याच वेळी हसू नये असंही वाटलं.

काही झालं नाही. बराच वेळ काही झालं नाही. एक पोरगा पेंगायला लागला.

मग कुत्री गप्प झाली. भुंकत होती हे तोवर मनतशाच्या लक्षातही आलं नव्हतं. खालून ते घुमणं आलं, त्या संध्याकाळच्यापेक्षा जवळून, आणि बसल्या जागी कुणीतरी सतरंजी हळूच ओढावी तसं झालं. एकदाच. ओट्यावरचा डबा कडेला सरकला आणि खाली पडला. अंगणवाडीच्या आत काहीतरी फुटल्याचा आवाज झाला. मग पुन्हा नुसतं ऊन.

घराघरांतून माणसं बाहेर आली. बायका पोरांना हाका मारत अंगणवाडीकडं पळत आल्या, आणि मैदानात हात धरून बसलेली आपली लेकरं दिसल्यावर जागच्या जागी थबकल्या. कुणाला काही झालं नव्हतं. धक्का बारीक होता. एक-दोन घरांच्या भिंतींना भेगा पडल्या, एवढंच. अंगणवाडीत भिंतीवरचं घड्याळ खाली येऊन काचा झाल्या होत्या. जिथं पोरांची डोकी असतात तिथं.

"चला रं, झालं आता," केवळाबाई म्हणाली आणि पोरं उठली. पुनम उठली नाही.

"पुनम, चल."

"आजून न्हाई," पुनम म्हणाली. ती भिंतीकडं नाही, जमिनीकडं पाहत होती. "आजून आईकतोय त्यो."

त्या रात्री सगळं गाव अंगणात झोपलं. नळाच्या पाण्यासाठी भांडणाऱ्या दोन घरांनी खाटा शेजारी शेजारी टाकल्या. मनतशा केवळाबाईच्या बाजूला पडली होती. केवळाबाई झोपली नाही आणि तिनं मनतशाला झोप म्हटलं नाही. पहाटेपर्यंत काही झालं नाही. उजाडल्यावर पुनमची आजी सांगत आली, पोरगी आत्ता निजली म्हणून.

पुसण्याचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. मनतशानं डब्यातला प्रायमर भिंतीच्या बाकीच्या भागाला लावला, आणि मोरीवाल्याला मात्र नव्यानं काढलं: वाळल्या गवताच्या पिवळ्या रंगात, मोगरी उजव्या हातात, सरळ. खिडकीमुळं एक खांदा जरा आखडला, त्याला इलाज नव्हता. डोळ्यापाशी आली तेव्हा तिचा हात थांबला. मिटलेली पापणी तिनं रंगवली. पण सरळ उभा केल्यावर मिटलेला डोळा आता खिडकीच्या बाजूला आला होता, आणि जुनी पापणी, ती परक्या हाताची, उघड्या डोळ्याच्या जागी खालीच राहिली होती. तिच्यावर मनतशानं प्रायमरचे दोन हात दिले. वर उघडा डोळा काढला. सुकेपर्यंत तिथंच बसून राहिली. काही वर आलं नाही.

खाली नाव लिहायचं का असं तिनं विचारलं, तर केवळाबाई म्हणाली, "कशाला? ज्याला जे म्हणायचं ते म्हणू द्या. चेहरा वळखला म्हंजे झालं."

पोरं परत यायला लागली. आयांना केवळाबाईनं सांगितलं, मोरीत कुणी न्हाई, दारात हाय. कुणाला ते पटलं, कुणाला नाही. पोरांच्या सतरंज्या मात्र तिनं आतून काढून बाहेरच्या पत्र्याच्या सावलीत टाकायला सुरुवात केली. पुढच्या आठवड्यात तपासणीला आलेल्या मॅडमनी विचारलं, दुपारी पोरं बाहेर का? ती म्हणाली, आत उकडतंय. मॅडमनी भिंतीवरचं चित्र छान आहे म्हणून फोटो काढला आणि हे कोण, असं विचारलं.

"आमच्याकडचाच हाय," केवळाबाई म्हणाली.

मनतशा निघाली तेव्हा दुपारच होती. जीप यायला उशीर होता. पत्र्याखाली पोरं निजली होती, खरोखरची, तोंडं उघडी, हातपाय कुठंही. पुनमही. केवळाबाई त्यांच्या आणि दाराच्या मधे मांडी घालून बसली होती. एक तळहात तिनं फरशीवर उताणा न ठेवता पालथा, घट्ट टेकवून ठेवला होता, आणि तिचा डावा डोळा मिटलेला होता.

मनतशानं हाक मारायला तोंड उघडलं आणि मारली नाही. बॅग उचलून ती पाय न वाजवता रस्त्याकडं चालत गेली.